आडवं सरकवावं लागणारं न्यूजलेटर फोनवर कसं बसवायचं

कोल्हापुरात आमच्या मामांची गुळाची अडत आहे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे झाले की त्यांचा हंगाम सुरू होतो आणि तेव्हापासून दर आठवड्याला त्यांना व्यापाऱ्यांच्या एका संघटनेचं न्यूजलेटर ई-मेलनं येतं. त्यात आधी दोन-तीन परिच्छेद मजकूर असतो आणि मग दरांचा तक्ता: तारीख, बाजारपेठ, प्रत, आवक, किमान दर, कमाल दर, सरासरी. मामांना खरं तर तेवढा तक्ताच हवा असतो. पण फोनवर त्याचा डावीकडचा अर्धा भागच दिसायचा, बाकीचा बोटानं ओढून आणावा लागायचा.

"हे बघ की," मामा म्हणाले, "तारीख दिसती तवा दर दिसत न्हाई, आन् दर दिसतोय तवा तारीख गेलेली असती. मागल्या आठवड्यात खालच्या ओळीचा दर वरच्या पेठेचा म्हणून सांगून बसलो."

ही चूक त्यांच्या डोळ्यांची नाही. सात रकान्यांची ओळ वाचताना डावीकडचं नाव नजरेआड झालं की बोट वर-खाली थोडं हललं तरी ओळ बदलते आणि ते कळतही नाही. मी छपाईच्या आणि डीटीपीच्या कामात आहे, अशी न्यूजलेटरं आमच्याकडेही तयार होतात. त्यामुळे मामांचा फोन हातात घेऊन ते पत्र नेमकं कुठे अडतंय ते पाहिलं. ते सगळं इथे सविस्तर लिहितो, कारण 'फोनच छोटा आहे, काय करणार' असं म्हणून पुष्कळ जण हे सोडून देतात.

आधी फोनची रुंदी म्हणजे काय ते पाहू. मामांच्या फोनच्या पडद्यावर रुंदीत 1080 ठिपके आहेत. पण पत्राची मापं या ठिपक्यांत मोजली जात नाहीत. ठिपके फार बारीक असतात, एक अक्षर सोळा ठिपक्यांचं केलं तर भिंग लावून वाचावं लागेल. म्हणून फोन तीन-तीन ठिपक्यांचं मिळून एक माप धरतो. 1080 ला 3 ने भागलं की 360. वेबपान किंवा ई-मेल रचणाऱ्याच्या दृष्टीनं मामांचा फोन 360 पिक्सेल रुंद आहे. आजचे बहुतेक फोन उभे धरले तर 360 ते 430 च्या दरम्यान असतात, मग ते कितीही महागडे असोत.

आता पत्राची रुंदी. मामांच्या न्यूजलेटरच्या सगळ्यात बाहेरच्या चौकटीवर पाठवणाऱ्यानं 680 असा आकडा लिहिलेला होता. म्हणजे पत्र 680 पिक्सेल आणि पडदा 360. उरलेले 320 पिक्सेल उजवीकडे पडद्याबाहेर. मामांच्या फोनची काच साधारण पावणेसात सेंटीमीटर रुंद आहे, हे पत्र पूर्ण मापात दिसायला जवळपास तेरा सेंटीमीटर रुंद काच लागली असती.

असा पक्का आकडा लोक का लिहितात, यालाही कारण आहे. ई-मेलची रचना अजूनही जुन्या पद्धतीनं, टेबलात टेबल घालून करावी लागते. आउटलुकनं 2007 सालच्या आवृत्तीपासून विंडोजवर ई-मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरायला सुरुवात केली, आणि वर्डला वेबपानांची नवी मापपद्धत नीट कळत नाही. त्याला 'जास्तीत जास्त इतकं, पण जागा कमी असेल तर आकस' असं सांगितलेलं समजत नाही, 'इतकंच' म्हणून सांगावं लागतं. त्यामुळे ऑफिसातल्या संगणकांवर पत्र मोडू नये म्हणून रचनाकार पक्की रुंदी देऊन मोकळे होतात. 600 हा त्यातला रुळलेला आकडा, कारण संगणकावर पत्रांच्या यादीशेजारच्या खिडकीत तेवढं सहज मावतं. तिथे ते छानच दिसतं. फोनवर कसं दिसेल हे पाहायचं राहून जातं.

आता फोनमधली सेटिंग. अँड्रॉइडच्या जीमेल अॅपमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर बोट ठेवा, यादीच्या तळाशी Settings, त्यात General settings आणि तिथे Auto-fit messages. फोन मराठीत असेल तर हीच नावं मराठीत दिसतील, जागा तीच. त्यापुढे खूण करायची, मागे यायचं आणि पत्र बंद करून पुन्हा उघडायचं. उघडं असलेलं पत्र लगेच बदललं नाही म्हणून सेटिंग चालत नाही असं समजू नका. के-नाइन मेल किंवा त्याच्यावरूनच तयार झालेलं अँड्रॉइडवरचं थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातही Auto-fit messages याच नावाची सेटिंग आहे, General settings मधल्या Display या भागात. आयफोनच्या Mail अॅपमध्ये असं बटण नाही. तिथे रुंद पत्र आपोआपच बारीक करून पडद्यात बसवलं जातं.

ही सेटिंग नेमकं काय करते हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. जागा कमी असताना पत्र बसवायच्या दोन रीती असतात. पहिली रीत म्हणजे मजकूर नव्यानं ओळींत मांडणं. पक्की रुंदी काढून टाकायची, चित्रांना पडद्याएवढी मर्यादा घालायची आणि ओळी तोडून खाली आणायच्या. अक्षर तेवढंच राहतं, पत्र फक्त उंच होतं. हंड्यातलं पाणी घागरीत ओतल्यासारखं: पाणी तेवढंच, आकार बदलला. दुसरी रीत म्हणजे सगळं पत्रच फोटोसारखं बारीक करणं. रचना तशीच राहते, पण अक्षरही त्याच प्रमाणात लहान होतं. जीमेल आधी पहिली रीत करून पाहतं. त्यानंतरही काही पडद्याबाहेर राहत असेल तर दुसरी.

मामांच्या पत्राचं काय झालं ते आकड्यांत पाहू. सेटिंग सुरू केल्यावर बाहेरच्या चौकटीचा 680 चा आकडा बाजूला झाला. परिच्छेद 360 मध्ये आरामात बसले असते, कारण शब्दांमधल्या मोकळ्या जागेत ओळ कुठेही तोडता येते. पण खाली तो सात रकान्यांचा तक्ता होता. तक्त्याचा रकाना त्यातल्या सगळ्यात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा अरुंद होऊ शकत नाही. इथे तर पाठवणाऱ्यानं 'रकान्यातली ओळ तोडू नको' अशी सूचनाही लिहिली होती. तारखेला लागेल तेवढी जागा, बाजारपेठेच्या नावाला लागेल तेवढी, दरांचे तीन रकाने आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, असं करत तक्ता 560 च्या खाली येईना.

आता खरी गोम अशी की परिच्छेद आणि तक्ता दोन्ही एकाच बाहेरच्या चौकटीत आहेत. आतला तक्ता 560 झाला की बाहेरची चौकटही 560 आणि तिच्यातले परिच्छेदही 560. मग जीमेलनं सगळं पत्र मिळून 360 भागिले 560, म्हणजे सुमारे 0.64 पट केलं. तक्त्यातलं 14 पिक्सेलचं अक्षर 9 चं झालं आणि परिच्छेदातलं 16 चं जेमतेम 10 चं. आडवं सरकवणं थांबलं खरं, पण मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेला. एका हट्टी तक्त्यामुळे अख्खं पत्र बारीक झालं होतं. सेटिंग सुरू केल्यावर तुमच्याही पत्रातली अक्षरं मुंगीएवढी दिसली, तर पत्रात कुठेतरी अशी न आकसणारी वस्तू आहे असं समजा: रुंद तक्ता, मध्ये मोकळी जागा नसलेला लांबलचक दुवा किंवा दोन-तीन बटणं एकाच ओळीत बांधलेली पट्टी.

अशा वेळी ती सेटिंग बंद करून फोन आडवा धरायचा. ऐकायला अगदी साधं वाटतं, पण त्यामागे हिशोब आहे. मामांचा फोन उभा 360 असला तरी आडवा 800 पिक्सेल रुंद होतो, कारण लांबीकडे 2400 ठिपके आहेत आणि त्याला 3 ने भागलं की 800. त्यात 680 चं पत्र मूळ मापात, काहीही बारीक न करता बसतं. एका वेळी ओळी कमी दिसतात, पण तारखेपासून सरासरीपर्यंत अख्खी ओळ एका नजरेत येते, आणि दर वाचायला तेच हवं असतं. वरून बोट ओढून उघडणाऱ्या पट्टीत Auto-rotate सुरू असल्याची खात्री करा. मामांचं बंद होतं, म्हणून आडवा धरूनही काही झालं नव्हतं आणि 'ह्या फोनात हुत न्हाई' असा त्यांचा समज होता.

ते सुरू केलं, फोन आडवा केला, तरी उजवीकडे केसाएवढी पट्टी बाहेर राहिली. हे मलाही चटकन कळलं नाही. मग फोनच्या Display च्या सेटिंगमध्ये गेलो. अक्षर मोठं दिसावं म्हणून कुणीतरी मामांच्या फोनचं Display size शेवटच्या टोकापर्यंत वाढवून दिलं होतं. इथे दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यांची गल्लत फार होते. Font size वाढवलं की फक्त अक्षरं मोठी होतात. Display size वाढवलं की फोन आपली मापपट्टीच बदलतो, सगळं मोठं दाखवतो आणि त्या बदल्यात पडद्याची मोजायची रुंदी कमी होते. मामांचा 360 चा फोन त्यामुळे 320 चा झाला होता. उभ्या फोनवर पत्र आणखी बारीक, 320 भागिले 560 म्हणजे 0.57 पट. आणि आडवा धरला तर 800 ऐवजी 711. त्यातून दोन्ही बाजूंचे समास वजा केले की 680 चं पत्र बसता बसता राहत होतं.

म्हणजे वाचायला सोपं जावं म्हणून केलेल्या बदलानंच न्यूजलेटर अवघड करून ठेवलं होतं. Display size मूळ जागी आणलं आणि Font size दोन पायऱ्या वाढवलं. फोनमधली बाकीची अक्षरं मामांना हवी तेवढी मोठी राहिली आणि आडव्या फोनवर तक्ता पूर्ण दिसू लागला. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन कुणी 'मोठा करून' दिला असेल तर ही एक गोष्ट जरूर तपासा.

Auto-fit च्या सेटिंगची एक बाजू त्रासाचीही आहे. रचना नव्यानं मांडताना कधी शेजारी-शेजारी ठेवलेली चित्रं आणि त्यांच्या ओळी एकमेकांपासून फुटतात, एखाद्या चित्राखाली भलत्याच वस्तूचं नाव येतं. असं काही विचित्र दिसलं तर सेटिंग तात्पुरती बंद करून तेच पत्र एकदा मूळ रूपात पाहा. आकडे किंवा नावं जुळवायची असतील तर मूळ रूपावरच भरवसा ठेवावा, असं माझं मत आहे.

मामींचा प्रश्न वेगळा होता. त्यांना एक वाचनविषयक मासिक पत्र येतं आणि तेही रुंद दिसायचं. गंमत म्हणजे त्याच पत्राचा अंक माझ्या फोनवर एकदम नीट, एका रकान्यात, मोठ्या अक्षरात दिसत होता. फोन जवळपास सारखेच, अॅपही जीमेलच. फरक इतकाच होता की मला ते पत्र थेट येत होतं आणि मामींना त्यांचा मुलगा पुढे पाठवत होता.

चांगल्या न्यूजलेटरच्या सुरुवातीला, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, सूचनांचा एक गठ्ठा असतो. 'पडदा 600 पेक्षा अरुंद असेल तर दोन रकाने एकाखाली एक मांड, अक्षर मोठं कर' अशा त्या सूचना. जीमेल 2016 पासून या सूचना पाळतं. पण पत्र पुढे पाठवलं की मजकूर जातो, चित्रं जातात आणि सूचनांचा तो गठ्ठा मात्र गळून पडतो. उरते ती संगणकासाठीची रुंद रचना. दुसरा असाच प्रसंग म्हणजे जीमेल अॅपमध्ये जीमेलचा नसलेला पत्ता जोडलेला असणं, ऑफिसचा किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेचा. त्या पत्त्यावर आलेल्या पत्रांतही अॅप या सूचना वापरत नाही. तेव्हा एकच न्यूजलेटर एका पत्त्यावर नीट आणि दुसऱ्यावर रुंद दिसत असेल, तर पाठवणाऱ्याकडे तक्रार करून उपयोग नाही. मामींचा स्वतःचा जीमेल पत्ता त्या मासिकाच्या यादीत घातला आणि पुढचा अंक कुठल्याही सेटिंगशिवाय नीट आला.

पत्राच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला ते ब्राउझरमध्ये उघडायचा दुवा असतो, तोही कामाला येतो. तिथे सूचनांचा गठ्ठा शाबूत असतो. ज्या पत्रात मुळातच सूचना नाहीत ते मात्र तिथे आणखी बारीक दिसू शकतं, कारण फोनसाठी काही लिहिलेलं नसेल तर क्रोम ते पान 980 पिक्सेल रुंद धरून चालतं आणि त्या प्रमाणात लहान करतं. मग सफारी किंवा फायरफॉक्समधलं वाचनदृश्य वापरावं, पत्त्याच्या पट्टीजवळ त्याचं चिन्ह दिसतं. ते रचना पूर्ण टाकून देतं आणि फक्त मजकूर एका रकान्यात मांडतं. मामींच्या लेखांना हे उत्तम. मामांच्या तक्त्याला अजिबात नको, कारण मजकूर कुठला आणि सजावट कुठली हे ठरवताना वाचनदृश्य कधी तक्ताच गाळून टाकतं आणि तसं सांगतही नाही.

मराठीत एक प्रकार जरा जास्तच आढळतो, तो म्हणजे अख्खं पत्रच एक चित्र असणं. आमच्या धंद्यात अजूनही बरंच काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टांत होतं. तो मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, म्हणून पानाचं चित्र करून पाठवून देतात. अशा 1200 पिक्सेल रुंद चित्रातलं 24 चं अक्षर 360 च्या फोनवर बसवलं की 7 चं होतं. इथे ओळी नव्यानं मांडता येत नाहीत, कारण फोनच्या दृष्टीनं तिथे ओळीच नाहीत. ओळखायचं कसं? एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तो शब्द निळा होऊन निवडला गेला तर मजकूर आहे. निवडला गेला नाही आणि चित्र जतन करायचा मेनू आला, तर चित्र. मग चित्र फोनमध्ये उतरवून गॅलरीत मोठं करून वाचणं आणि पाठवणाऱ्याला 'मजकूर युनिकोडमध्ये टाकून पाठवा' असं कळवणं एवढंच हाती राहतं.

मामांच्या संघटनेत हे पत्र तयार करणाऱ्या मुलाला मी फोन केला. आम्ही दोघांनी मिळून बाहेरच्या चौकटीवरचा पक्का आकडा काढला आणि त्या जागी हे लिहिलं:

```html
<table role="presentation" width="100%" style="max-width:600px">
```

म्हणजे 'असेल तेवढी जागा घे, पण 600 च्या पुढे जाऊ नको'. चित्रांसाठी हे:

```html
<img src="..." width="600" style="width:100%;max-width:600px;height:auto">
```

आउटलुकच्या जुन्या आवृत्त्या max-width पाळत नाहीत, तिथे पत्र खिडकीभर पसरतं. पण त्यांच्या सभासदांपैकी बहुतेक जण फोनवरच वाचतात, त्यामुळे त्यानं ते चालवून घेतलं.

एवढं करूनही तक्ता 560 चाच होता. रुंदीचा आकडा काढला तरी सात रकान्यांना लागणारी जागा कुठे जाणार? शेवटी त्यानं रकानेच कमी केले. तारीख सगळ्या ओळींत एकच होती, ती तक्त्यावर मथळ्यात गेली. प्रत बाजारपेठेच्या नावाखाली, त्याच घरात दुसऱ्या ओळीत आली. किमान आणि कमाल एका रकान्यात एकाखाली एक बसले. राहिले चार रकाने: पेठ, आवक, किमान-कमाल, सरासरी. ओळ न तोडण्याची सूचनाही त्यानं काढून टाकली. तक्ता 330 पर्यंत आला.

पुढच्या आठवड्याचं पत्र मामांनी माझ्यासमोर दुकानात उघडलं, फोन उभाच धरून. अंगठ्यानं वर-खाली केलं, मग सवयीनं डावीकडे ओढून पाहिलं. पत्र जागचं हललं नाही. मग त्यांनी गादीवर बसल्या बसल्या वरच्या ओळीपासून दर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि समोरच्या दिवाणजींनी वहीत उतरवून घेतले.